डाळिंबाच्या साबणात डाळिंब किती? घरी साबण करून विकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरात घरी साबण करून विकणाऱ्या सगळ्या भगिनींना आणि बंधूंना, बचत गटांच्या ताईंना, आणि दिवाळी-संक्रांतीची प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या साबण-शाम्पूच्या युनिटमध्ये बरीच वर्षं केमिस्ट होते. आता घरी असते. पण सवय जात नाही. प्रदर्शनात गेले की साड्या आणि शेंगाचटणी राहते बाजूला, मी साबणाची वडी उलटी करून मागचं लेबल वाचत उभी राहते. सोबत आलेल्या जावा कंटाळतात.

गेल्या दिवाळीत अशाच एका स्टॉलवरून मी डाळिंबाच्या साबणाची एक वडी घेतली. गुलाबी रंग, बटर पेपर, वर सुतळीची गाठ. लेबलवर फुटलेल्या डाळिंबाचे लालबुंद दाणे, खाली ‘१००% नैसर्गिक, केमिकल फ्री, पिंपल्स व काळे डाग घालवणारा’, वजन १०० ग्रॅम, ‘२४ महिन्यांच्या आत वापरा’ आणि एका कोपऱ्यात एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. साबण चांगला होता, हे आधीच सांगते. फेस भरपूर, अंग कोरडं पडलं नाही. पण त्या लेबलवरची एकही ओळ टिकणारी नव्हती.

विकणाऱ्या वहिनींचा फोन नंबर लेबलवर होता. मी फोन केला. आधी त्या घाबरल्या, मग म्हणाल्या, “या की घरी, बसून बोलू.” एका दुपारी आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात वही आणि वजनकाटा घेऊन बसलो. त्यांची परवानगी घेऊन, नाव न लिहिता, तेच इथे मांडते, कारण तुमच्यातल्या बहुतेकांची वही याहून फार वेगळी नसणार.

एका घाण्याचा हिशेब त्यांच्या वहीत असा होता. खोबरेल ५०० ग्रॅम, करडईचं तेल ४००, एरंडेल १००. पाणी ३००, कॉस्टिक सोडा १५०. सुगंधी तेल ३०, डाळिंबाच्या सालीची पूड १० ग्रॅम आणि चिमूटभर, म्हणजे दोनेक ग्रॅम गुलाबी रंग. सगळं मिळून दीड किलोला थोडं कमी. त्यातून चौदा वड्या.

आता यातून घटकांची यादी करायची. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, आणि त्यांचं म्हणणं सोपं आहे: जे घटक एक टक्क्याहून जास्त आहेत ते उतरत्या क्रमाने लिहा, म्हणजे जास्त आधी, कमी नंतर. वजन धरायचं ते घटक घालतानाचं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कुठल्याही क्रमाने. यादीच्या आधी ‘इन्ग्रेडियंट्स’ हा शब्द हवा. घन आणि अर्धघन मालाचं पाकीट ३० ग्रॅमपेक्षा किंवा द्रवाचं ६० मिलीपेक्षा लहान असेल तर यादीची सक्ती नाही. शंभर ग्रॅमच्या वडीला आहे.

वहिनींची यादी मग अशी उतरली: खोबरेल, करडई तेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड, एरंडेल, सुगंध, आणि शेवटी डाळिंबाच्या सालीची पूड आणि रंग. वहिनी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे डाळिंब शेवटी?” शेवटीच. दीड किलोत दहा ग्रॅम म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. आणि ज्या कॉस्टिकचं नाव त्यांना लेबलवर नको होतं, ते चौथ्या नंबरावर, एरंडेलाच्याही आधी.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण यावर मी प्रदर्शनांत बरेच वाद ऐकलेत. तयार साबणात मोकळा कॉस्टिक उरत नाही, उरू नये. तेलाशी त्याची क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन होतं. वहिनींनी तेलाला लागतो त्यापेक्षा सुमारे पाच टक्के कॉस्टिक मुद्दाम कमी घेतला होता, म्हणजे तेलच थोडं उरतं. मग तो लिहायचा कशाला, असं विचारतात. नियम घालतानाचं वजन धरतो म्हणून. आणि ‘केमिकल फ्री’ लिहायला तर काहीच जागा उरत नाही. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही, मग तो घरचा असो की कारखान्याचा. आपण स्वतः हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून तो पाण्यात सोडतो आणि वडीवर ‘केमिकल फ्री’ लिहितो. ग्राहकाच्या मनात खोटी किंवा दिशाभूल करणारी समजूत निर्माण करणारा कुठलाही दावा याच नियमांत बंद आहे. तुमचा हेतू काय होता, हा प्रश्न त्यात येतच नाही.

रंगाचंही तसंच. डाळिंबाची साल कॉस्टिकच्या मिश्रणात पडली की ती तपकिरी होते. ज्यांनी घातली असेल त्यांनी पाहिलं असेल. म्हणजे गुलाबी वडी बघितली की जाणकाराला लगेच कळतं, रंग वरून आलाय. वहिनींचा रंग बाजारातून सुटा आणलेला होता. पुडीवर नाव नाही, नंबर नाही. सौंदर्यप्रसाधनात चालणाऱ्या रंगांची यादी भारतीय मानक ४७०७ च्या पहिल्या भागात आहे, आणि त्यातल्याच रंगाला परवानगी आहे. त्याच रंगात शिसं २० आणि आर्सेनिक २ भाग प्रति दशलक्ष यापेक्षा जास्त असता कामा नये. पुडीवर नाव नसेल तर यातलं काहीच तुम्हाला कळायचा मार्ग नाही. मी वहिनींना म्हटलं, रंग टाका, वडी तपकिरी राहू द्या. खरी डाळिंबाच्या सालीची वडी तपकिरीच असते, आणि तेच ग्राहकाला सांगा. सुगंधाचंही तेच: डाळिंबाच्या वासाचं तेल हे कृत्रिम अत्तर. वाईट नाही, पण ‘१००% नैसर्गिक’ त्याच्यासोबत बसत नाही.

मग आम्ही वडी काट्यावर ठेवली. लेबलवर १०० ग्रॅम, काट्यावर ९२. वहिनी म्हणाल्या, “काटा बिघडलाय.” दुसरी ठेवली, ९३. काटा ठीक होता. घाणा चौदा वड्यांत कापला तेव्हा एकेक वडी १०६ ग्रॅमच्या आसपास होती. पण दिवाळी तोंडावर आली, ऑर्डर होत्या, म्हणून चौथ्याच दिवशी पॅक केली. तेव्हा ती शंभर भरली. पुढचे तीन आठवडे तिच्यातलं पाणी बटर पेपरातून उडत राहिलं. यात वहिनींनी कुणाचं काही मुद्दाम बुडवलं नाही. पण माप हे वैधमापनशास्त्राचं खातं बघतं, आणि शंभर ग्रॅमच्या पाकिटाला त्यांच्याकडे साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट चालते, आठ नाही. साबणाला ‘पॅक करतेवेळी’ असे शब्द वजनापुढे लिहायची मुभा आहे, मोठ्या कंपन्यांच्या वेष्टनावर ते असतंच. पण ती मुभा सुकलेल्या वडीतून पुढे थोडंफार उडणाऱ्या पाण्यासाठी आहे. ओली वडी बांधून तिच्या आड लपू नका. चार ते सहा आठवडे जाळीवर सुकवा, दर आठवड्याला एकच वडी मोजून वहीत लिहा. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही की पॅक करा आणि तोच आकडा छापा. ९० निघाला तर ९० छापा.

सुकवण्याचा दुसरा फायदा कमी जणांना ठाऊक आहे. साबणाच्या मानकात एकूण मेदाचा टक्का बघतात, दुकानातल्या वेष्टनावर टीएफएम म्हणून छापतात तोच. आंघोळीच्या साबणाला पहिल्या प्रतीला ७६, दुसऱ्या प्रतीला ७० आणि तिसऱ्या प्रतीला ६० टक्के लागतात. वहिनींच्या एक किलो तेलातून ढोबळमानाने साडेनऊशे ग्रॅम मेद धरा. ओल्या घाण्यात तो ६४ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे तिसरी प्रत. तोच घाणा सुकून तेराशे ग्रॅम झाला की ७३, म्हणजे दुसरी. पाककृती तीच, फक्त महिनाभर थांबायचं. अर्थात खरा आकडा प्रयोगशाळेतूनच यायला हवा. आणि मोकळा कॉस्टिक अल्कली ०.०५ टक्क्यांच्या वर आहे का, हेही तिथेच कळतं. जिभेला लावून ‘झटका बसत नाही ना’ बघणं ही घरची सवय ठीक, तिच्यावर लेबल उभं राहत नाही.

‘२४ महिने’ कुठून आले, असं विचारलं तर वहिनी हसल्या. एका मोठ्या कंपनीच्या वेष्टनावरून. इथे मला आपल्या करडईबद्दल बोललं पाहिजे. सोलापूरकराला करडईच्या तेलाचं प्रेम असणारच, मलाही आहे, भाकरीसोबत. पण नेहमीच्या करडईत लिनोलेइक आम्ल खूप असतं आणि ते हवेने लवकर खवट होतं. साबणात उरलेलं तेलही तेच. एक किलोत ४०० ग्रॅम करडई असलेली वडी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ठेवा, काही महिन्यांत तिच्यावर नारिंगी ठिपके उमटतील आणि खवट वास येईल. मी आणलेल्या वडीवर पहिला ठिपका फेब्रुवारीत दिसला, तिळाएवढा, कडेला. मार्च संपेपर्यंत सात झाले. ‘अमुक महिन्याच्या आत वापरा’ ही तारीख महिना आणि वर्षासह लेबलवर सक्तीची आहे, आणि ती तुमच्याच वडीवरून काढायची. प्रत्येक घाण्यातल्या दोन वड्या कपाटात ठेवा, एक थंड जागी, एक गच्चीखालच्या गरम खोलीत. ठिपका कधी दिसतो ते लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर ती तारीख अंदाजच. वहिनींनी करडई शंभरवर आणली आणि बाकीच्या जागी पाम तेल घेतलं. हे करताना कॉस्टिकचा हिशेब नव्याने करावा लागतो, प्रत्येक तेलाला तो वेगळा लागतो, हे विसरू नका.

‘पिंपल्स घालवणारा’ ही ओळ मी सगळ्यांत शेवटी काढली, कारण तिच्यावरून वाद होणार हे माहीत होतं. “ताई, खरंच फरक पडतो, माझ्या पुतणीला पडलाय.” पडला असेल. पण कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे अंग स्वच्छ करणारी, सुंदर दिसायला मदत करणारी, रूप बदलणारी वस्तू. रोग बरा करते, कमी करते, टाळते असं म्हटलं की ती वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते. साबण तोच, वडी तीच, पण त्या एका ओळीने तुम्ही परवान्याशिवाय औषध बनवणारे ठरू शकता. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात विनापरवाना औषध बनवून विकल्याला किमान ३ वर्षांची कैद आणि किमान १ लाखाचा दंड लिहिलेला आहे. दोन शब्दांसाठी एवढं ओढवून घ्यायचं? आणि ‘गोरेपणा’ तर औषधांनासुद्धा बंद आहे. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात ज्या गोष्टींचे दावे औषधाने करायचे नाहीत त्यांत टकलेपणा, नवे केस उगवणं आणि त्वचेचा गोरेपणा आहे. औषधाला जे चालत नाही ते साबणाला कसं चालेल? ‘त्वचेवरचा तेलकटपणा आणि मळ धुतो’ लिहा. साबण तेच करतो. ‘आयुर्वेदिक’ हा शब्दही सहज छापू नका. त्याला आयुर्वेदिक उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो, साल घातली म्हणून तो शब्द मिळत नाही.

आता कडू भाग. वहिनींचा एफएसएसएआय नंबर त्यांच्या चटणीचा होता. तो खाद्यपदार्थांचा. उद्यम नोंदणी, शॉप अॅक्ट, बचत गटाचा नोंदणी क्रमांक यांतलं काहीही साबणाचा उत्पादन परवाना नाही. साबण पूर्वी सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून वगळलेला होता, तो अपवाद १९८२ च्या दुरुस्तीने गेला. तेव्हापासून विक्रीसाठी साबण करायचा म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, आणि त्याचा क्रमांक लेबलवर. महिन्याला चौदा वड्या करा नाहीतर चौदा हजार, फरक नाही. अर्ज फॉर्म सीओएस-५ वर. जागा, भांडी, नोंदी, रसायन किंवा फार्मसी शिकलेली व्यक्ती, सगळं दाखवावं लागतं. लोणचं-पापड करणाऱ्या छोट्या उत्पादकासाठी अन्न कायद्यात साधी नोंदणी आहे, साबणासाठी तशी खालची पायरीच नाही. मला हे पटत नाही, आणि मी ते संबंधित खात्याला वेगळ्या पत्राने कळवलंही आहे. पण पायरी नाही म्हणून जिना नाही, असं होत नाही.

वहिनींनी घेतलेला मार्ग म्हणजे लोन लायसन्स. त्याचा अर्ज सीओएस-६ वर. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या युनिटमध्ये, त्यांच्या भांड्यांत, त्यांच्या केमिस्टच्या देखरेखीखाली आपला माल काढायचा आणि आपल्या नावाने विकायचा. स्वयंपाकघरातला घाणा मात्र बंद. त्यांना ते जड गेलं. तीन महिने त्यांनी काही विकलं नाही, दोन ऑर्डर परत केल्या. हे मी गोड करून सांगणार नाही.

लेबलच्या बाकीच्या ओळी पटकन सांगते. वडीला एकच वेष्टन असेल तर सगळं त्याच्यावर यायला हवं: साबणाचं नाव, करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, किंमत सर्व करांसह, वजन, तक्रारीसाठी फोन. साबणाला एक सवलत आहे. बॅच नंबरऐवजी उत्पादनाचा महिना आणि वर्ष चालतं. तरी मी म्हणेन, बॅच नंबर टाकाच, ठिपके आले तर कुठला घाणा ते कळतं. आणि नुसतं मराठी लेबल पुरत नाही. पाकिटावरची किंमत, वजन वगैरे माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत हवी असा नियम आहे. मराठी त्याच्या जोडीला हवं तितकं लिहा. नव्या पेठेतल्या छपाईवाल्यांना हे सांगावं लागतं, ते तुम्ही द्याल तसं छापतात.

प्रदर्शनं भरवणाऱ्यांना एकच विनंती. स्टॉलचं भाडं घेताना अंगाला लावायच्या वस्तूंसाठी उत्पादन परवान्याची प्रत मागा, आणि लेबलचा फोटो आधी मागवून घ्या. तुमच्या बॅनरखाली ‘एक्झिमा बरा करणारा साबण’ विकला गेला तर बाई एकटीच अडकते आणि मंडळ हात झटकतं, हे मी पाहिलंय.

येत्या संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरेल तेव्हा वहिनींची वडी तिथे असेल. तपकिरी, ९० ग्रॅमची, नाव ‘डाळिंबाच्या सालीचा साबण’, दाण्यांचं चित्र नाही. मागे यादी, यादीत चौथ्या जागी सोडियम हायड्रॉक्साइड. ज्यांना आपलं लेबल छपाईआधी तपासून घ्यायचंय त्यांनी घाण्याची वही आणि सुकलेली एक वडी घेऊन मला तिथेच भेटा. काटा मी आणते.

आपली,
एक निवृत्त साबण केमिस्ट, सोलापूर